पत्र कुठे थांबतं

"ही अमेरिका नाही," अण्णा म्हणाले. "गाडीतल्या पोस्टमनचा हात इथवर पोचेल का?"

चिन्मयची खूण तोवर अमेरिकेच्या नकाशावर जाऊन बसली होती. फक्त बटण दाबायचं बाकी होतं. लॅपटॉपवर एका वस्तीतल्या रस्त्याचा फोटो होता. एकमजली, बसकी, विटकरी घरं. प्रत्येक घरापुढे गवत, कोपऱ्यात गॅरेज, गॅरेजपर्यंत सिमेंटचा पट्टा. कुठे पाटी नाही, माणूस नाही, दुकान तर नाहीच. ठाण्यात घंटाळीच्या आमच्या दिवाणखान्यात रविवारी रात्री जेवणं झाल्यावर हा खेळ चालतो. जगातल्या कुठल्याही रस्त्याचा फोटो समोर येतो, बाण दाबत थोडं मागेपुढे फिरता येतं, आणि मग ही जागा कुठली ते नकाशावर सांगायचं. खेळाचं नाव जिओगेसर. चिन्मयच्या वर्गातली निम्मी मुलं तो खेळतात आणि रस्त्यावरच्या पट्ट्यांच्या रंगावरून देश ओळखतात म्हणे. मला त्यातलं काही येत नाही. माझे वडील मात्र या खेळात पडले ते वेगळ्याच वाटेने.

अण्णा एकतीस वर्षं पोस्टमन होते. त्यातली शेवटची चौदा वर्षं नौपाड्याच्या बीटवर, पिन कोड चारशे सहाशे दोन. तेव्हा राममारुती रोडला बंगले होते, गोखले रोडच्या आतल्या गल्ल्यांत चाळी होत्या, आणि नवीन इमारतींमध्ये जिन्याखाली पत्र्याच्या पेट्यांची रांग लागायला नुकती सुरुवात झाली होती. बंगल्याला फाटकावर पेटी, चाळीत हाक मारायची, इमारतीत जिन्याखाली टाकून मोकळं व्हायचं. कुठलंही घर बघितलं की त्यांची नजर आधी पत्र कुठे टाकतात तिकडे जाते. घराचा रंग, छप्पर, खिडक्या हे सगळं मागाहून.

पहिल्यांदा आम्ही हसलो. मग लक्षात आलं की परदेशातल्या वस्त्यांच्या फोटोत हीच नजर सगळ्यात उपयोगी पडते. विटांचं घर पाच देशांत सापडतं, गवत सगळीकडे हिरवंच असतं, गॅरेजचं शटर तर जगभर सारखं. पण पोस्टमन किती आत येतो आणि तिथपर्यंत कशावर बसून येतो, हे प्रत्येक देशाने आपापलं ठरवलंय. ते एकदा ठरलं की बदलायला पिढ्या जातात, कारण लाखो घरांच्या पेट्या हलवाव्या लागतात.

अमेरिकेचंच घ्या. तिथल्या उपनगरात पेटी घराला नसते, रस्त्याच्या कडेला खांबावर असते. अर्धवट कापलेल्या पिंपासारखी, वर गोल, खाली सपाट, आणि उजव्या कुशीला लाल झेंडी. हा आकार रॉय जोरोलमन नावाच्या तिथल्या टपाल खात्यातल्या इंजिनिअरने १९१५ साली काढला. त्याआधी खेड्यापाड्यांत मोफत टपाल पोचवायची योजना सुरू झाली होती, आणि शेतकऱ्यांनी हाताला येईल ते खांबाला लटकवलं होतं, अगदी चरबीचे रिकामे डबेसुद्धा. पावसात पत्रं भिजत होती. म्हणून एक नमुना ठरला, आणि तो शंभर वर्षांनी आजही तसाच आहे.

त्या पेटीची उंचीही ठरलेली आहे. रस्त्यापासून पेटीच्या तळापर्यंत ४१ ते ४५ इंच, आणि फुटपाथच्या दगडी कडेपासून पेटीच्या दारापर्यंत ६ ते ८ इंच. हे आकडे चिन्मयने वाचून दाखवले तेव्हा अण्णांनी खुर्चीत बसूनच उजवा हात बाजूला लांब केला. "बरोबर. गाडीच्या खिडकीतून हात काढला की एवढ्यावरच येतो." मग त्यांनी विचारलं, "पण अमेरिकेत गाडी उजवीकडून चालवतात, म्हणजे स्टिअरिंग डावीकडे. फुटपाथ उजवीकडे. मग हात कसा पोचणार?" हा प्रश्न मला आयुष्यात पडला नसता. उत्तर असं की तिथल्या टपालगाड्या मुद्दाम उजव्या स्टिअरिंगच्या बनवून घेतल्या. १९८७ पासून आलेली ती पांढरी, खोक्यासारखी गाडी त्या देशात आपल्यासारखी उजवीकडे बसून चालवतात, केवळ पेटीपर्यंत हात जावा म्हणून. अण्णांना ही गोष्ट इतकी आवडली की त्यांनी दुसऱ्या दिवशी तलावपाळीच्या कट्ट्यावर सगळ्यांना सांगितली.

झेंडीचं तर त्यांना जास्तच अप्रूप. आपल्याला पाठवायचं पत्र असलं की ते पेटीत ठेवायचं आणि झेंडी वर करायची. पोस्टमन ती बघून थांबतो, पत्र उचलतो, झेंडी पाडतो. "म्हणजे त्यांना लाल डब्यापर्यंत चालत जावं लागत नाही?" नाही. आणखी एक गंमत, त्या पेटीत टपाल खात्याशिवाय कोणी काही टाकायचं नाही. तिकीट न लावलेली जाहिरात टाकली तर दंड होऊ शकतो. त्यामुळे पुष्कळ ठिकाणी पेटीच्या खाली किंवा शेजारी प्लास्टिकची एक वेगळी नळी दिसते, ती वर्तमानपत्रासाठी. फोटोत ही जोडी दिसली, वर पिंप आणि खाली नळी, की अमेरिका धरायला हरकत नाही. आमच्या इमारतीच्या पेट्यांत पिझ्झा, क्लास आणि पेस्ट कंट्रोलचे एवढे कागद असतात की विजेचं बिल शोधायला गाळणी लागेल, त्यामुळे या कायद्याबद्दल मला मत्सरच वाटला.

पेटी रस्त्याच्या कडेला आली की घरापुढचं अंगणही तिच्यामागून ठरतं असं मला वाटायला लागलंय, पण तेवढं पूर्ण खरं नाही. अमेरिकेतलं बिनकुंपणाचं सलग गवत दुसऱ्या कारणांनी आलं. दुसऱ्या महायुद्धानंतर १९४७ पासून न्यूयॉर्कजवळ लेव्हिटाऊन नावाची हजारो घरांची वस्ती उभी राहिली. तिथे घर घेताना करारातच लिहिलेलं असे की पुढे कुंपण घालायचं नाही आणि मोसमात आठवड्यातून एकदा गवत कापायचं. पुढे तसल्याच अटी कितीतरी वस्त्यांनी घातल्या. फोटोत त्यामुळे एका घराचं गवत कुठे संपतं आणि शेजाऱ्याचं कुठे सुरू होतं ते कळत नाही. भिंतींवर आडव्या प्लास्टिकच्या पट्ट्या, लाकडी फळ्यांसारख्या दिसणाऱ्या, आणि छपरावर डांबरी खवले. गॅरेजला दोन गाड्या मावतील असं एकच रुंद दार, बहुतेकदा सोळा फूट.

आता पहिल्या फोटोकडे. चिन्मय चिडला होता. "गवत आहे, गॅरेज आहे, कुंपण नाही. अमेरिकाच."

"पेटी बघ," अण्णा म्हणाले.

त्याने फोटो मोठा केला. फुटपाथच्या आतल्या बाजूला, जिथून घराची जागा सुरू होते त्या रेषेवर, विटांचा कमरेएवढा ठोकळा होता. घराच्याच विटांचा. त्यात पितळी चौकट असलेली आडवी फट, खाली घराचा आकडा. झेंडी नाही. रस्त्यापासून तो ठोकळा चांगला दोन-अडीच मीटर आत. मधे आधी गवताचा पट्टा, मग फुटपाथ, मग ठोकळा.

"गाडीतून हात पोचणार नाही," अण्णा म्हणाले. "आणि दारापर्यंत चालायचं असतं तर पेटी दाराशी असती. हा फुटपाथवरूनच येतो, आणि उतरत नाही."

मला आधी हे कोडं वाटलं. पण ऑस्ट्रेलियात नेमकं तसंच आहे. तिथला पोस्टमन वर्षानुवर्षं होंडाच्या छोट्या लाल मोटारसायकलवरून, आता बऱ्याच ठिकाणी तीनचाकी विजेच्या गाडीवरून, फुटपाथ आणि गवत धरून जातो आणि गाडीवर बसल्या बसल्या फटीत पत्र सरकवतो. म्हणून पेटी बरोबर हद्दीच्या रेषेवर, हाताच्या उंचीला. रस्ता आणि फुटपाथ यांच्यामधल्या गवताच्या पट्ट्याला ते 'नेचर स्ट्रिप' म्हणतात. जमीन नगरपालिकेची आणि गवत कापायचं समोरच्या घरवाल्याने. त्यामुळे एका घरासमोर मखमल आणि शेजारी गुडघाभर रान, असा रंगीबेरंगी पट्टा दिसतो. आमच्या फोटोत तर तो उन्हाने करपून पिवळा झाला होता.

घरही मग बोलायला लागलं. छपरावर डांबरी खवल्यांऐवजी कौलं होती, सिमेंटची, तांबूस. चारी बाजूंनी उतरतं, बसकं छप्पर. भिंतीच्या विटा दिसायला भक्कम, पण ऑस्ट्रेलियातल्या अशा घरात बहुतेकदा आतला सांगाडा लाकडाचा असतो आणि विटांचा बाहेरून एक पदर चढवलेला असतो. फोटोवरून हे कळत नाही, पण खिडक्या भिंतीत खोल रुतलेल्या दिसतात आणि विटांचा रंग सगळ्या घरभर एकसारखा, कारण तो पदर एकदमच चढतो. फुटपाथच्या कडेला एक कचऱ्याचा डबा होता, चाकांचा, पिवळ्या झाकणाचा. पिवळं झाकण तिथे पुनर्वापराच्या कचऱ्याचं.

देश झाला. पण ऑस्ट्रेलिया म्हणजे केवढा! खूण मधे वाळवंटात ठोकली तरी हजार किलोमीटर चुकतो. चिन्मयने फोटो गोल फिरवला आणि ओरडला, "स्टोबी!" विजेचा खांब होता. लाकडाचा नाही, आपल्यासारखा गोल सिमेंटचाही नाही. दोन लोखंडी तुळया समोरासमोर आणि मधे भरलेलं काँक्रीट, वर निमुळता होत गेलेला. सिरिल स्टोबी या अॅडलेडच्या इंजिनिअरने १९२४ साली काढलेला. साउथ ऑस्ट्रेलियात खांबांना साजेसं लाकूड कमी आणि वाळवी भरपूर, म्हणून त्याने हा तोडगा काढला. तो खांब जवळजवळ त्या एकाच राज्यात दिसतो. खूण अॅडलेडच्या उपनगरात टाकली. अकरा किलोमीटर चुकलो. अण्णांनी पेटी लावली, नातवाने खांब, आणि मी चहा ठेवला होता तो उतू गेला.

मात्र ही युक्ती न्यूझीलंडपाशी अडते. पेटी तिथेही हद्दीवरच. मग भिंती बघाव्या लागतात. लाकडी आडव्या फळ्यांचं रंगवलेलं घर आणि वर नालीदार पत्रा, असं दिसलं की आम्ही न्यूझीलंड म्हणतो, आणि तीनातल्या एका वेळी ते ऑस्ट्रेलियातलं ब्रिस्बेन निघतं. ब्रिस्बेनची जुनी लाकडी घरं खांबांवर उचललेली असतात, खाली मोकळी जागा असते. ते दिसलं तर सुटका. नाही दिसलं तर नाणेफेक.

इंग्लंडचा फोटो आला त्या दिवशी अण्णा गप्प बसले. दोन घरं एका भिंतीने जोडलेली, समोर कमानीसारखी पुढे आलेली खिडकी, वर धुराड्याची मातीची नळकांडी. चिन्मयने दोन सेकंदांत सांगितलं. बाहेर पेटी कुठेच नव्हती, कारण इंग्लंडमध्ये पत्र दारातल्या फटीतून थेट आत पडतं. १८४० साली एका पेनीत पत्र जायला लागलं, टपाल एकदम वाढलं, आणि पुढच्या वर्षांत लोकांनी दारं कापून फटी करून घेतल्या. म्हणजे पोस्टमनने प्रत्येक अंगण ओलांडून दारापर्यंत जायचं. फोटोतल्या एका दाराची फट तळाला होती, उंबऱ्यापासून वीतभर वर.

"दिवसाला पाचशे घरं धरली," अण्णा म्हणाले, "आणि त्यातली शंभर अशी खाली वाकायची. कंबर गेली." थोड्या वेळाने म्हणाले, "आणि फटीपलीकडे कुत्रं." त्यांच्या डाव्या पोटरीवर राममारुती रोडच्या एका बंगल्यातल्या अल्सेशियनची खूण अजून आहे. तिथल्या पोस्टमनांनीही खालच्या फटींविरुद्ध तक्रार लावून धरली आहे आणि कुत्र्यांची तर कायमचीच.

त्या फोटोत अंगण मात्र नव्हतं. पुढची बाग उखडून फरशी टाकली होती आणि तिच्यावर गाडी. गॅरेज होतं, घराच्या कुशीला, लाकडी दाराचं, पण १९३०च्या सुमाराच्या गाडीच्या मापाचं. आजची गाडी त्यात शिरली तर दार उघडून उतरता येणार नाही. म्हणून गॅरेजात जुना फ्रीज आणि सायकली, आणि गाडी बागेवर. हे इतकं वाढलं की पावसाचं पाणी मुरेना. २००८ पासून इंग्लंडमध्ये पुढच्या अंगणात पाच चौरस मीटरपेक्षा जास्त जागेवर पाणी न मुरणारी फरशी टाकायची तर परवानगी लागते. पाणी मुरायची किंवा बागेत वळवायची सोय असेल तर नाही. एक इशारा, आयर्लंडही दिसायला थेट असंच आहे. फट, खिडकी, जोडघर, सगळं. तिथे आम्ही हमखास आपटतो.

सगळ्यात मोठा वाद मात्र ज्या फोटोवर झाला त्यात पेटीच नव्हती. दुमजली विटांची घरं, एकमेकांना जवळजवळ चिकटलेली. गॅरेज घराच्या पुढे नाकासारखं आलेलं, त्यामुळे रस्त्यावरून आधी गॅरेजचं दार दिसे आणि घराचं दार मागे कुठेतरी सावलीत. प्रत्येक घरापुढे हातरुमालाएवढं गवत आणि एकेक रोप, काठीला बांधलेलं. चिन्मय विटांवरून इंग्लंड म्हणाला, मग गाड्यांचं स्टिअरिंग डावीकडे दिसल्यावर अमेरिका.

"दारात फट आहे का?" अण्णांनी विचारलं. नव्हती. "कडेला पेटी?" नव्हती. "म्हणजे पोस्टमन या गल्लीत येतच नाही. कोपऱ्यावर जा."

बाण दाबत दाबत आम्ही कोपऱ्यावर गेलो. तिथे फुटपाथवर राखाडी लोखंडी कपाट उभं होतं, कुलपांच्या छोट्या खणांचं, खाली पार्सलांसाठी मोठे खण. कॅनडा. तिथे १९८०च्या दशकापासून नव्या वस्त्यांमध्ये घरोघरी टपाल दिलं नाही, कोपऱ्यावर अशी सामाईक कपाटं बसवली. २०१३ मध्ये जुन्या वस्त्यांतही घरोघरचं टपाल बंद करायची घोषणा झाली. बर्फात, घसरणाऱ्या रस्त्यावर म्हाताऱ्यांनी कोपऱ्यापर्यंत कसं जायचं, असा आरडाओरडा झाला आणि २०१५ मध्ये ते थांबवलं. म्हणून जुन्या टोरांटोत दाराशेजारी भिंतीवर डबा दिसतो आणि नव्या उपनगरात काहीच नाही.

मी आडवी आले. माझा भाऊ टेक्सासात राहतो, त्याच्या नव्या वस्तीतही कोपऱ्यावरच सामाईक पेट्या आहेत, अमेरिकेचं टपाल खातंही आता नव्या वस्त्यांना तेच करायला लावतं. शिवाय टेक्सासातही घरं विटांचीच. मग हा कॅनडाच कशावरून? अण्णांकडे उत्तर नव्हतं. पेटी नसणं हा पुरावा तसा लंगडाच. अमेरिकेतल्या जुन्या शहरी गल्ल्यांतही कडेला पेटी नसते. तिथे १९२३ पासून प्रत्येक घराने भिंतीला डबा किंवा दाराला फट करून घ्यायची, असा नियमच झाला, त्यामुळे फिलाडेल्फियाची जुनी गल्ली बघून कुणी इंग्लंड म्हणालं तर त्याला हसू नये.

शेवटी निकाल लागला तो वेगाच्या पाटीवर. थोडं पुढे खांबावर पांढरी पाटी होती, तिच्यावर 'मॅक्झिमम' आणि खाली ४०. अमेरिकेत अशा पाटीवर 'स्पीड लिमिट' लिहितात आणि आकडा मैलांचा असतो, गल्लीत २५ किंवा ३०. 'मॅक्झिमम' म्हटलं की कॅनडा.

"आपल्यासारखंच झालं की हे," अण्णा राखाडी कपाटाकडे बघत म्हणाले. त्यांना टॉवरचा तळमजला म्हणायचा होता. राममारुती रोडचे ते बंगले पाडून टॉवर झाले तसे पोस्टमनचं फाटकापाशी थांबणं संपलं, अठ्ठावीस मजल्यांचं टपाल एका भिंतीवर आलं. त्यांचा टॉवर आडवा पसरलाय, आपला उभा, एवढाच फरक. आमच्या इमारतीत तर गेल्या वर्षी रंगकामात पेट्या पार्किंगमध्ये नेल्या, वरच्या पाइपातून ठिबकणाऱ्या पाण्याखाली. सभेत मी दोनदा बोलले. सेक्रेटरी म्हणाले, "मॅडम, पत्रं येतात कोणाला?"

मागच्या रविवारी शेवटचा फोटो अमेरिकेचा आला. ओळखायला काहीच अवघड नव्हतं, पिंप, नळी, बिनकुंपणाचं गवत, रुंद गॅरेज. कडेचं गवत उन्हाळ्यातलं हिरवंगार. चिन्मयने राज्य शोधायला पुढे जायचं बटण दाबलं, तेवढ्यात अण्णा म्हणाले, "थांब, मागे घे."

पेटीची झेंडी वर होती.

त्यांनी चिन्मयला दहा पावलं पुढे जायला लावलं, मग तिथून मागे वळून बघायला. झेंडी वरच. आणखी पुढे, चौकापर्यंत. तिथून पेटी तांदळाएवढी दिसत होती. चिन्मयने फोटो मोठा केला. वेळ संपत आली होती, कोपऱ्यात लाल आकडे उलटे धावत होते.

"उचललं नाही अजून," अण्णा म्हणाले.